'आज रात्री फोन बंद पडेल, अपडेट करा' असा फोन आला आणि नानांनी फाईल टाकली. आता काय काय करायचं?

केळीबाग_यावल
नमस्कार मंडळी. तातडीचं आहे म्हणून थेट लिहितो. मी पुण्यात, नाना (वडील) यावल तालुक्यात गावी. संध्याकाळी त्यांना एका दहा आकडी नंबरवरून फोन आला. हिंदी बोलणारा माणूस होता. "मोबाईल कंपनीच्या सिक्युरिटी विभागातून बोलतोय, तुमच्या फोनचं व्हर्जन जुनं झालंय, आज रात्री बारानंतर बँकेचं ॲप आणि यूपीआय बंद पडेल, अपडेट पाठवतो" असं म्हणाला. उद्या सकाळी केळी कापणीच्या मजुरांना पैसे द्यायचे असल्यामुळे नाना धास्तावले.

मग व्हॉट्सॲपवर Security_Update.apk नावाची फाईल आली. टाकताना फोनने लाल रंगात इशारा दिला होता. त्या माणसाने फोनवर बोलत बोलतच खालचं बारीक अक्षरातलं बटण दाबायला लावलं. नंतर दोन-तीन वेळा 'Allow' दाबलं आणि एक फॉर्म आला, त्यात एटीएम कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि कार्डाची मुदत भरली. ओटीपी विचारला नाही, पिन विचारला नाही. 'अपडेट सुरू आहे, फोनला हात लावू नका' असं लिहून आलं आणि ॲप गायब झालं.

पैसे अजून गेलेले नाहीत. खात्यात व्यापाऱ्याने दिलेले केळीचे पैसे आहेत. घरी नाना, आई आणि वहिनी आहेत. वहिनींना फोनचं बऱ्यापैकी कळतं. त्यांना मी काय सांगू?

तापीकाठ
माझं भुसावळला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, असे फोन नेहमी येतात. वाचत बसू नका, वहिनींना आत्ता फोन लावून एवढंच सांगा.

नानांच्या फोनवर एरोप्लेन मोड लावा, वायफाय बंद आहे ना ते वेगळं बघा. मग सिम काढा आणि दुसऱ्या फोनमध्ये टाका. नानांच्या फोनवरून बँकेचं ॲप उघडून शिल्लक बघायची नाही, पासवर्ड बदलायचा नाही. त्या फोनवर जे टाइप कराल ते समोरच्याला दिसू शकतं. एटीएम कार्डाच्या मागे बँकेचा नंबर छापलेला असतो, त्यावर दुसऱ्या फोनवरून बोला आणि कार्ड, यूपीआय, नेट बँकिंग तिन्ही बंद करायला सांगा. गुगलवर शोधून सापडलेल्या नंबरवर फोन करू नका, तिथेही भामटेच बसलेले असतात.

हे झालं की लिहा, पुढचं सांगतो.

अमळनेरकर
ओटीपी सांगितला नाही ना? मग इतकं घाबरायचं कारण नाही. ओटीपीशिवाय पैसे निघत नाहीत. सकाळी निवांत शाखेत जा.

तापीकाठ
@अमळनेरकर दादा, सकाळपर्यंत थांबण्याचा सल्ला कृपया मागे घ्या. ओटीपी कोणाला सांगू नये हे तुमचं बरोबर आहे, पण इथे तो सांगावाच लागत नाही. नानांनी जे 'Allow' दाबलं, त्यात मेसेज वाचायची आणि मेसेज पाठवायची परवानगी दिली गेली असणार. म्हणजे ओटीपी आला की ते ॲप स्वतःच वाचतं आणि पुढे ढकलतं.

पाठवायच्या परवानगीचा धोका त्याहून मोठा. आपण नवीन फोनवर यूपीआय सुरू करतो तेव्हा त्या फोनमधून आपोआप एक मेसेज जातो, आणि तो आपल्याच सिमवरून गेला म्हणून बँक तो फोन आपला मानते. भामटा त्याच्या फोनवर यूपीआय सुरू करतो आणि तो मेसेज मात्र नानांच्या फोनमधून, नानांच्या सिमवरून पाठवतो. बँकेला वाटतं नानांनीच फोन बदलला. पुढे नवा यूपीआय पिन ठेवायला काय लागतं? कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदत आणि ओटीपी. पहिल्या दोन गोष्टी फॉर्ममध्ये भरून घेतल्या, तिसरी ॲप वाचतं. जुना पिन विचारायची गरजच उरत नाही.

शिरपूरचा_मन्या
मन्हा गावम्हा बी असाच फोन उना व्हता. मी सांगं, "भाऊ, मन्हाकडे बटनवाला फोन शे, त्याम्हा काय अपडेट करू?" त्यानी लगेच फोन ठी दिधा 😀

पण केळीबाग भाऊ, नानाले आज काहीच बोलू नका. त्यासनी चूक नही.

सुलभा_देवपूर
माझ्याही फोनवर दोन दिवसांपासून 'सिस्टीम अपडेट उपलब्ध' असं येतंय. मागच्या वेळी अपडेट केलं तर बॅटरी दुपारीच संपायला लागली. आता हे वाचून तर करूच नये असं वाटतंय. कायमचं बंद कसं करायचं?

केळीबाग_यावल
वहिनींशी बोलणं झालं. एरोप्लेन मोड लावला, सिम काढलं. सिम जिओचं आहे, आईच्या साध्या बटणाच्या फोनमध्ये घातलं तर नेटवर्कच येत नाही.

तापीकाठ
जिओचं टूजी नाहीच, त्यामुळे जुन्या बटणाच्या फोनमध्ये ते चालणार नाही. वहिनींच्या स्मार्टफोनमध्ये दुसऱ्या खाचेत टाका, नसेल तर शेजारच्या कोणाच्या. सिम चालू असणं महत्त्वाचं, नाहीतर बँकेचे मेसेज येणार नाहीत आणि काय चाललंय तेच कळणार नाही.

निवृत्त_बँकवाला
मी एका सहकारी बँकेत जळगावला नोकरी करून निवृत्त झालो. केळीबाग, बँकेच्या नंबरवर बोलताना 'डेबिट फ्रीज करा' हे शब्द वापरा. नुसतं कार्ड बंद केलं तर यूपीआय चालू राहू शकतं, कारण यूपीआय खात्याला जोडलेलं असतं. डेबिट फ्रीजमध्ये खात्यातून काही बाहेर जात नाही, पण आत येतं. म्हणजे व्यापाऱ्याचा उरलेला हप्ता आला तर तो जमा होईल. तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्या. वेळ फार महत्त्वाची, का ते नंतर सांगतो.

केळीबाग_यावल
वहिनींच्या फोनमध्ये सिम चालू झालं आणि लगेच बँकेचा मेसेज आला. ९,५०० रुपये गेले. मी फाईलबद्दल इथे लिहीत होतो साधारण त्याच वेळचा व्यवहार आहे. बँकेशी बोललो, नानांना कॉन्फरन्सवर घेतलं, डेबिट फ्रीज झालं. तक्रार क्रमांक घेतला. बाकी रक्कम खात्यात आहे.

तापीकाठ
आता १९३०. चोवीस तास चालू असतो. लागला नाही तर लावत राहा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार भरा, दोन्हीची नोंद एकाच ठिकाणी होते. बँकेच्या मेसेजमधला बारा आकडी यूपीआय व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा, तो सगळ्यात आधी विचारतात. त्या क्रमांकावरून पैसे कोणत्या खात्यात गेले ते शोधतात आणि तिथे शिल्लक असेल तर तेवढी रक्कम रोखतात. भामटे पैसे काही मिनिटांत दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात फिरवतात, म्हणून घाई करा.

आणि एक राहिलंच होतं. वहिनींच्या फोनवरून नानांच्या सिमसाठी *#21# लावून बघा. कॉल दुसऱ्या नंबरवर वळवलेले आहेत का ते दिसेल.

केळीबाग_यावल
वळवलेले आहेत! 'Voice: Forwarded' आणि खाली एक अनोळखी नंबर. पण सिम तर आता वेगळ्या फोनमध्ये आहे, तरी कसं काय?

तापीकाठ
कारण ती वळवणी फोनमध्ये नसते, कंपनीच्या यंत्रणेत असते. पांझरेवरच्या बंधाऱ्यातून पाणी वरच्या पाटातच दुसऱ्या फडात वळवलं, तर खालच्या शेतकऱ्याने आपला वाफा कितीही नीट केला तरी पाणी येत नाही, तसं आहे हे. फोन बदला, रीसेट करा, वळवणी तशीच राहते. बँकेने खात्री करायला नानांना फोन केला तर तो भामट्याकडे जातो, आणि ओटीपी कॉल करून सांगतात तोही तिकडेच.

##002# लावा, सगळी वळवणी निघायला हवी. मग पुन्हा *#21# लावून तपासा. कोड चालला नाही तर कस्टमर केअरला सांगून काढून घ्या. तो अनोळखी नंबर मात्र आधी लिहून ठेवा, तक्रारीत द्यायचा आहे.

नंदुरबारची_शिक्षिका
आमच्या शाळेच्या पालक गटात मागच्या महिन्यात अशीच फाईल आली होती, आणि पाठवणारा अनोळखी नव्हता, एक पालकच होता. त्याचं व्हॉट्सॲप भामट्यांनी घेतलं होतं. केळीबाग, नानांच्या व्हॉट्सॲपवरून पुढे कोणाला काही गेलंय का बघा. गावातल्या माणसाने पाठवलं म्हणजे खरंच असणार, असं समजून लोक फाईल उघडतात.

केळीबाग_यावल
१९३० वर तक्रार झाली, क्रमांक मेसेजवर आला. ##002# चाललं, *#21# आता 'Not forwarded' दाखवतं. शिक्षिकाबाई, तुमचं ऐकून काकांना विचारलं. भाऊबंदकीच्या गटात नानांच्या नावाने फाईल गेलेली आहे. नानांचं नेट तर केव्हाच बंद केलंय, म्हणजे व्हॉट्सॲप दुसरीकडून चालू आहे. काकांनी गटात बोलून मेसेज टाकला की कोणीही उघडू नका, आणि दोघा-तिघांना स्वतः फोन केले.

आता वहिनींच्या फोनवर नानांच्या नंबरने व्हॉट्सॲप पुन्हा सुरू करतोय, म्हणजे तिकडचं बंद पडेल.

तापीकाठ
बरोबर. सुरू झालं की सेटिंगमध्ये 'Linked devices' बघा, तिथे काही जोडलेलं असेल तर काढा. आणि 'Two-step verification'चा पिन लावा, म्हणजे पुढच्या वेळी नुसत्या ओटीपीवर कोणी ते घेऊ शकणार नाही.

भूषण_पाचोरा
आता फोन सरळ फॅक्टरी रीसेट मारा आणि विषय संपवा. ॲप शोधत बसण्यात अर्थ नाही.

चाळीसगाव_वकील
रीसेट लगेच करू नका, भूषण. फाईल, ते ॲप, व्हॉट्सॲपवरचं संभाषण, कॉलची नोंद हा सगळा पुरावा आहे. पोलिसांनी फोन मागितला आणि तो कोरा असला तर तपासाला धरायला काय राहील? फोन बंद करून ठेवा, सोमवारी ठाण्यात विचारा.

भूषण_पाचोरा
वकीलसाहेब, नऊ-दहा हजारांच्या तक्रारीत फोन तपासायला घेतल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. आणि तोवर म्हाताऱ्या माणसाने फोनशिवाय राहायचं? शेतातली मोटरसुद्धा ते मोबाईलवरून चालू करत असतील.

चाळीसगाव_वकील
घेतातच असं मी म्हणत नाही. पण बँकेशी वाद झाला तर नानांनी ओटीपी दिला नव्हता, ॲपने चोरला, हे दाखवायला तुमच्याकडे काय असेल?

तापीकाठ
दोघांचंही खरं आहे. मी दुकानात असं करतो. नेट बंद ठेवूनच, दुसऱ्या फोनने स्क्रीनचे फोटो काढतो. आलेला नंबर, कॉलची वेळ, फाईलचं नाव, ॲपला दिलेल्या परवानग्या, एवढं टिपून ठेवतो. मग ॲप काढतो. रीसेट शेवटी, पोलिसांना विचारून.

ॲप 'गायब' झालं म्हणजे फक्त त्याचं चिन्ह लपलं. सेटिंगमध्ये Apps उघडून सगळी यादी बघा. बहुतेक वेळा त्याला नावच नसतं, नाहीतर प्ले स्टोअर किंवा सेटिंगचं चिन्ह लावलेलं असतं, म्हणजे एकाच नावाची दोन ॲप दिसतात. उघडून खाली 'App details' मध्ये कुठून टाकलंय ते बघा. खरं ॲप प्ले स्टोअरवरून किंवा कंपनीकडून आलेलं असतं, हे व्हॉट्सॲप किंवा फाईल मॅनेजरमधून आलेलं दिसेल. Uninstall चं बटण पुसट असेल तर त्याने 'Device admin' परवानगी घेतली आहे. सेटिंगच्या शोधपट्टीत 'device admin' टाका, तिथून ती काढा, मग Uninstall चालतं. काढू देत नसेल किंवा पान आपोआप बंद होत असेल तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. पॉवर बटण दाबून धरलं की 'Power off' येतं, त्यावरच बोट दाबून ठेवा, बऱ्याच फोनमध्ये सेफ मोड विचारतो. त्यात बाहेरून टाकलेली ॲप चालत नाहीत.

केळीबाग_यावल
सापडलं. 'Google Play Services' अशा नावाची दोन दिसत होती, एक व्हॉट्सॲपमधून आलेलं. वहिनींनी फोटो काढले. परवानग्या बघून अंगावर काटा आला. मेसेज, फोन, संपर्क, आणि 'Accessibility' सुद्धा चालू. पान खरोखरच आपोआप बंद होत होतं. सेफ मोडमध्ये नेल्यावर निघालं.

त्यासोबत दुसरंही एक ॲप होतं, 'Update' नावाचं. ते कशाला?

तापीकाठ
ते पहिलं. व्हॉट्सॲपवर आलेली फाईल म्हणजे नुसतं दार उघडणारं ॲप, त्यात 'Update' असं बटण असतं. ते दाबलं की आतून खरं चोर ॲप बसतं. लोक पहिलं काढतात आणि सुटलो समजतात. दोन्ही काढा. मग व्हॉट्सॲपला दिलेली 'Install unknown apps' ही परवानगी बंद करा आणि प्ले स्टोअरमध्ये Play Protect चालू आहे का बघा, काही वेळा भामटे तेही बंद करायला लावतात. एवढं करूनही त्या फोनवर बँकेचं ॲप मी रीसेटनंतरच टाकीन. Accessibility मिळालेल्या ॲपने मागे आणखी काय केलं असेल याची खात्री मला देता येत नाही.

तापीकाठ
@सुलभा_देवपूर ताई, तुमचं राहून गेलं. खरं अपडेट बंद करू नका, त्यात असल्याच चोरवाटा बुजवलेल्या असतात. सूचनेवर बोट दाबून धरा, ती कोणत्या ॲपने दिली ते दिसतं. 'Chrome' आणि खाली एखाद्या संकेतस्थळाचं नाव दिसलं तर ती खोटी, तिथेच त्या संकेतस्थळाच्या सूचना बंद करा. शंका असेल तर सूचनेला हातच लावू नका. स्वतः सेटिंगमध्ये जाऊन 'Software update' किंवा 'System update' उघडा. अपडेट असेल तर तिथे दिसेलच. ॲपची अपडेट प्ले स्टोअरमध्ये. अपडेटसाठी कंपनी फोन करत नाही आणि व्हॉट्सॲपवर फाईलही पाठवत नाही. बॅटरीचं वेगळं, दुकानात दाखवा.

सुलभा_देवपूर
बघितलं, 'System update' मध्ये खरंच आहे. चार्जिंगला लावून करते. धन्यवाद दादा.

धुळेकर_आयफोन
म्हणूनच आयफोन घ्या. असलं काही होत नाही.

तापीकाठ
एपीके फाईल आयफोनवर चालत नाही, तेवढं खरं. पण हीच माणसं आयफोनवाल्याला लिंक पाठवून कार्डाचा फॉर्म भरून घेतात, किंवा व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करायला सांगतात. गेल्याच आठवड्यात असे एक गृहस्थ माझ्याकडे येऊन गेले.

निवृत्त_बँकवाला
वेळेचं सांगतो म्हणालो होतो. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. ग्राहकाचीही चूक नाही आणि बँकेचीही नाही, असं असेल तर तीन कामाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकाची जबाबदारी शून्य. आणि ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करायचं काम बँकेचं. म्हणून फ्रीज झाल्याची वेळ जपून ठेवा. त्यानंतर एक रुपया जरी गेला तरी तो तुम्ही हक्काने मागू शकता.

आधीच्या ९,५०० वर मात्र बँक म्हणेल की फाईल तुम्ही टाकली, कार्डाचे आकडे तुम्ही भरले.

चाळीसगाव_वकील
आणि मी म्हणेन की यूपीआय नव्या फोनवर सुरू झालं, पिन बदलला, लगेच पैसे निघाले, आणि बँकेच्या यंत्रणेला त्यात संशय आला नाही. लेखी तक्रारीत हे तिन्ही व्यवहार वेळेसकट मागा. फेटाळली किंवा तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी नाही.

निवृत्त_बँकवाला
मागा जरूर. पण पूर्ण रक्कम मिळेलच अशी आशा नानांना लावू नका, एवढंच म्हणतो. अशा प्रकरणांत निकाल दोन्ही बाजूंनी जातात.

नंदुरबारची_शिक्षिका
एक विचारू का? शेजाऱ्याला असाच फोन आला, त्याने उचलला, पण काही केलं नाही. नुसता उचलल्याने फोन हॅक होतो असं सगळीकडे फिरतंय.

तापीकाठ
उचलल्याने काही होत नाही. फाईल टाकणं, परवानगी देणं, आकडे भरणं, त्यांनी सांगितलेला कोड लावणं, यातलं काहीतरी झालं तरच. त्यांना सांगा, तो नंबर sancharsaathi.gov.in वर 'चक्षू' मध्ये कळवा. पैसे गेले नसतील तेव्हा तिथे, गेले असतील तेव्हा १९३०.

केळीबाग_यावल
आजची स्थिती लिहितो. ९,५०० पैकी ६,००० रुपये पुढच्या खात्यात रोखल्याचं कळलं, ते परत मिळायची प्रक्रिया वेगळी आहे म्हणाले. उरलेल्याचा पत्ता नाही. शाखेत लेखी तक्रार दिली, पोचपावती घेतली, वकीलसाहेबांनी सांगितलेले तिन्ही व्यवहार मागितले. मजुरांचे पैसे काकांनी रोख दिले. ठाण्यात फोन ठेवून घेतला नाही, फोटो आणि फाईलचं नाव घेतलं, मग रीसेट केलं.

नानांना मी काही बोललो नाही. त्यांनीच वहिनींना विचारलं की पुन्हा असा फोन आला तर काय म्हणायचं. वहिनींनी सांगितलं, 'मन्हा पोऱ्याले विचारस' म्हणा आणि ठेवून द्या. खात्याची फ्रीज काढायची आहे, पण नवं कार्ड आणि नवा पिन आल्याशिवाय काढणार नाही. तोवर व्यापाऱ्याचे पैसे जमा होतायत, ते शाखेतून पावती भरून काढता येतील का? निवृत्त बँकवाले काका, तेवढं सांगा.

निवृत्त_बँकवाला
डेबिट फ्रीज असताना शाखेतूनही निघत नाहीत. पण ती तुमच्याच विनंतीवरून लावली आहे, त्यामुळे नानांनी आधार आणि पासबुक घेऊन स्वतः शाखेत जावं. यूपीआय, कार्ड आणि नेट बँकिंग बंदच ठेवून फक्त शाखेतला व्यवहार सुरू करा, असा अर्ज द्यावा. मॅनेजरने ऐकलं नाही तर इथे लिहा, अर्जाचा मजकूर मी देतो.